सनईचा सूर धरायला शिकताना: पत्ती, दम आणि मांडवातली बैठक

सनईच्या ताफ्यात नवख्या पोराला पहिलं काम मिळतं ते सूर धरण्याचं. पुढे बसलेला मुख्य वादक राग मांडतो, चौघड्यावर किंवा संबळावर लय चालते आणि मागे बसलेला मुलगा एकच षड्ज धरून बसतो. त्याच्या हातातल्या सनईलाही ‘सूर’च म्हणतात. तिची बहुतेक छिद्रं मेणाने बुजवलेली असतात, कारण तिच्यावर बोटं फिरवायचीच नसतात. ऐकणाऱ्याला हे काम सोपं वाटतं, पण तो षड्ज श्वास घेतानाही तुटता कामा नये.

सनई शिकण्याचा क्रम हाच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आजकाल शिकणारे पहिल्या महिन्यातच एखादी धून बोटांवर बसवायला बघतात. पण तोंडात धरून फुंकायची पत्ती सांभाळता येत नसेल आणि दम अखंड नसेल, तर बोटं कितीही चालली तरी सनई सनईसारखी वाजत नाही. म्हणून इथे एका स्वरापर्यंतचा रस्ता सविस्तर लिहितो: वाद्य कसं पारखायचं, पत्ती कशी लावायची, नाकाने श्वास घेत असताना तोंडाने फुंक कशी चालू ठेवायची आणि हे सगळं मांडवात कसं कामी येतं. त्यापुढचं, म्हणजे मिंड, गमक आणि रागविस्तार, समोर बसूनच शिकावं लागतं.

वाद्याकडे आधी नीट बघा

सनईचं लाकूड बहुधा शिसवाचं किंवा सागाचं असतं. ते लेथवर कातून आतून पोखरलेलं असतं आणि हे पोखरणं सरळ नळीसारखं नसतं. वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारा हा शंकू असतो. खालच्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखा पसरत जाणारा पितळी भाग बसवलेला असतो. समोरच्या बाजूला बोटांसाठी सहसा सात छिद्रं असतात. काही सनयांना एखाद-दुसरं जास्तीचं छिद्र असतं, ते मेणाने पूर्ण किंवा अर्धं बुजवून स्वर जुळवतात. वरच्या टोकात एक बारीक धातूची नळी खोचलेली असते आणि त्या नळीवर पत्ती बसते. सनईच्या गळ्याशी दोऱ्याने दोन-तीन जादा पत्त्या आणि एक सुई लटकवलेली दिसते. पूर्वी ही सुई हस्तिदंती असे, आता हाडाची, प्लॅस्टिकची किंवा धातूची असते. ती शोभेसाठी नसते, भर कार्यक्रमात तिची गरज पडते.

आतला आकार शंकूसारखा असल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट घडते. बोटं तीच ठेवून ओठ थोडे आवळले आणि फुंकीचा जोर वाढवला, की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. म्हणून इतक्या कमी छिद्रांत जवळजवळ दोन सप्तकं मिळतात. पण शंकूचं टोक कापून तिथे नळी आणि पत्ती बसवलेली असते. कापलेल्या टोकाची जागा नळी आणि पत्तीच्या आतल्या पोकळीने भरून निघावी लागते. ती पोकळी कमी-जास्त झाली की खालचा षड्ज सुरात आणि तार षड्ज बेसूर, असा प्रकार होतो. सनई बेसूर आहे म्हणून लोक वाद्य बदलतात, तेव्हा बऱ्याचदा दोष लाकडात नसून वरच्या दोन इंचांत असतो.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. पितळी भाग काढून सनई उजेडाकडे धरा आणि आतून बघा. भिंत गुळगुळीत हवी, कुठे पायरी किंवा तुसं नकोत. मग सगळी छिद्रं बोटांनी घट्ट बंद करा, खालचं तोंड तळहाताने किंवा मांडीवर दाबून बंद करा आणि वरून, पत्ती न लावता, हवा ओढून घ्या. वाद्य हवाबंद असेल तर जीभ नळीला चिकटून राहते. हवा हळूहळू आत शिरत असेल तर लाकडाला कुठेतरी केसाएवढी चीर आहे किंवा नळी सैल बसली आहे. नळी सैल असेल तर तिच्याभोवती सुती दोऱ्याचे चार वेढे घेऊन, त्यावर मेण चोळून भागतं. चीर असेल तर ती सनई घेऊ नका. तिसरी गोष्ट म्हणजे सूर. ज्या ताफ्यात किंवा ज्या गुरूकडे वाजवायचं आहे, त्यांच्या पट्टीचीच सनई घ्या. पत्तीने थोडंफार जुळवता येतं, पण पूर्ण स्वराचा फरक पत्ती भरून काढत नाही.

सोलापूर-अक्कलकोटकडची सुंद्री हे सनईचंच छोटं, वरच्या सुरातलं भावंड आहे. सिद्राम जाधवांनी ती मैफिलीत मानाने बसवली. लहान मुलांच्या बोटांना सुंद्रीची छिद्रं सोयीची पडतात. तरी हे वाद्य सोपं समजून घेऊ नका. छोट्या वाद्यात पत्तीतला बारीकसा फरकही सुराला लगेच हलवतो.

पत्ती

पत्ती म्हणजे नळीसारख्या पोकळ गवताचा तुकडा. तो एका टोकाला चपटा केलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याने आवळून गोल ठेवलेला असतो. चपट्या टोकाचे दोन पापुद्रे फुंकीने एकमेकांवर आपटून उघडझाप करतात आणि त्यातून सूर निघतो. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म १९१६ साली बिहारमधल्या डुमरांवचा. तिथे सोन नदीच्या काठी नरकट नावाचं गवत उगवतं आणि त्याच्या पत्त्या सनईसाठी नावाजलेल्या आहेत. काही ठिकाणी ताडाच्या पानाचे थर एकावर एक ठेवूनही पत्ती बांधतात. तिचा आवाज जास्त उघडा, मोकळ्या माळावर लांब जाणारा असतो. बंद सभागृहात मला गवताची पत्तीच आवडते, कारण ओठांच्या हलक्या दाबालाही ती ऐकते.

शिकणाऱ्याने सुरुवातीला पत्ती स्वतः बांधायच्या फंदात पडू नये. तयार पत्त्या अर्धा डझन घ्याव्यात आणि त्या सुधारायला शिकावं. तरी ती कशी बनते हे माहीत हवं, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळतं. पिकून वाळलेल्या गवताचा, पातळ भिंतीचा, मधे गाठ नसलेला तुकडा घेतात. तो तुमच्या नळीवर जेमतेम सरकेल एवढ्याच पोकळीचा हवा. त्याला चांगला भिजवतात, म्हणजे वाकवताना फुटत नाही. मग नळीच्या जाडीच्या सळईवर चढवून एका टोकाशी सुती दोरा गच्च गुंडाळतात. ही झाली पत्तीची मान. दुसरं टोक दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून बांधतात आणि सावलीत पूर्ण वाळू देतात. सहा मिलिमीटर व्यासाची नळी अशी चपटी केली की तोंड साधारण नऊ मिलिमीटर रुंद होतं. त्यामुळे रुंद तोंडाची पत्ती हवी असेल तर जाड गवत शोधावं लागतं, दाबून रुंदी वाढत नाही. वाळल्यावर टोक सरळ कापतात आणि दोन्ही पापुद्रे बारीक पॉलिश पेपरने टोकाकडे पातळ करत जातात.

आता तुमच्या हातात विकतची नवी पत्ती आहे, असं धरू. कोरडी पत्ती कधीही फुंकू नका, कड चिरते. ती वाटीतल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा किंवा गालात धरून लाळेने भिजवा. भिजल्यावर तोंडाकडून बघा. दोन पापुद्र्यांमध्ये डोळा अर्धवट मिटल्यासारखी फट दिसली पाहिजे, मधे किंचित जास्त आणि कडांना मिटलेली. फट मोठी असेल तर अंगठा आणि तर्जनीत सपाट बाजू धरून हलकं दाबा आणि दहापर्यंत मोजा. फट मिटलेलीच असेल तर दोन्ही कडांवरून बोटांनी आत दाबा, फट उघडते. त्यानेही उघडली नाही तर सुईचं टोक मानेकडून आत घालून हलकंच फिरवा. चपट्या तोंडातून सुई घुसवली तर कड फाटते, आणि बहुतेक पत्त्या अशाच वाया जातात.

मग पत्ती सनईला न लावता, नुसती तोंडात धरून फुंका. ओठ दातांवर किंचित दुमडलेले असावेत आणि पत्तीच्या मध्यावर यावेत. दात पत्तीला कधीच लागू नयेत. भरड, जाड, स्थिर आवाज निघाला तर पत्ती चांगली. नुसता वारा सुटत असेल तर फट मोठी आहे किंवा पापुद्रे जाड आहेत. हलक्या फुंकीलाच चिरका आवाज निघत असेल तर टोक फार पातळ आहे. गळती बघायची असेल तर मानेकडचं भोक बोटाने बंद करून तोंडाने हवा ओढा. पत्ती मिटून तशीच राहिली आणि क्षणभराने ‘टक्’ करून उघडली, तर ती घट्ट आहे. मिटतच नसेल तर मानेच्या दोऱ्याखालून हवा येते आहे. तिथे मेण लावा.

आता तिला नळीवर चढवा आणि सुराशी जुळवा. इथे एक प्रसंग धरून पायऱ्या सांगतो. ताफ्याचा सूर चालू आहे आणि तुमचा षड्ज त्याच्यापेक्षा किंचित चढा लागतो आहे. पहिल्यांदा ओठ सैल करून बघा. ओठांनी सूर खाली येत असेल, तरी तसं वाजवत बसू नका, अर्ध्या तासात ओठ थकतात. पत्ती नळीवर केसभर वर ओढा. लांबी वाढली की सूर उतरतो. मग तार षड्ज वाजवा. लांबी वाढल्याचा परिणाम वरच्या स्वरांवर जास्त होतो. त्यामुळे खालचा षड्ज जुळला आणि तार षड्ज उतरला, तर पत्ती जास्त ओढली गेली आहे. अशा वेळी ती अर्धी परत खाली ढकला आणि उरलेला फरक पापुद्र्यातून काढा. बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून, ओली पत्ती टोकाकडे दोन-तीनदाच घासा. टोक पातळ झालं की सूर थोडा उतरतो आणि पत्ती मऊ होते. उलट, सूर उतरलेला असेल तर पत्ती खाली ढकलता येते. ती आधीच पूर्ण बसली असेल तर धारदार पात्याने टोकावरून अगदी केसभर काप काढा. तेवढ्याने सूर चढतो, पण पत्ती कडकही होते. घासणं आणि कापणं ही दोन्ही कामं माघारी घेता येत नाहीत. म्हणून प्रत्येक घासणीनंतर वाजवून बघा आणि मगच पुढचा हात मारा.

गार सनई नेहमी उतरलेली वाजते. थंडीत सकाळी जुळवायच्या आधी तिला पाच मिनिटं वाजवून किंवा शालीत धरून गरम करा. गार सनई जुळवून बसलात तर तासाभरात ती चढते आणि सूर धरणाऱ्याशी तुमचं जमत नाही.

अखंड दम

आता श्वासाकडे वळू. गुपित एवढंच, की तोंडाची हवा आणि छातीची हवा वेगळी करता येते. जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला टेकवला की तोंड घशापासून बंद होतं. मग गालात साठवलेली हवा गाल आणि जीभ दाबून पत्तीत जात राहते आणि त्याच वेळी नाकातून छाती भरता येते. गालात मावणारी हवा फार थोडी असते, एखाद सेकंदात संपते. नाकाचा श्वास तेवढ्यातच घ्यावा लागतो.

सुरुवात सनईशिवाय करा. ओठ मिटा, गाल फुगवा आणि तसेच फुगलेले ठेवून नाकाने सावकाश श्वास घ्या आणि सोडा. गाल जरासुद्धा खाली बसता कामा नयेत. बोलताना ‘ङ’ म्हणतो तेव्हा जीभ मागे जिथे टेकते, तिथेच ती आता टेकलेली आहे. ती जागा ओळखीची करून घ्या. हे जमलं की अंगणात किंवा मोरीत उभे राहून तोंडात पाणी भरा, ओठांच्या बारीक फटीतून पाण्याची सरळ धार सोडा आणि धार चालू असताना नाकाने एक झटका श्वास घ्या. पाणी म्हणजे डोळ्यांना दिसणारी हवाच. श्वास घेताना धार थांबली तर पुढे सूरही तिथेच थांबणार. घशात पाणी गेल्यासारखं वाटलं तर जीभ पूर्ण टेकलेली नाही.

धार अखंड राहू लागली की पेला अर्धा पाण्याने भरा आणि बारीक स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढा. इथे एक नवं काम येतं: गालातली हवा संपायच्या आत छातीची हवा परत सुरू करायची. बहुतेकांचे बुडबुडे याच सांध्यावर तुटतात आणि कारण नेहमी एकच असतं, गाल रिकामे होईपर्यंत वाट बघितलेली असते. गाल अर्धे खाली आले की जीभ सोडा आणि छातीने फुंका. छातीच्या हवेने गाल परत फुगले पाहिजेत. हे चक्र आधी एकदा जमेल, मग दोनदा. स्ट्रॉ जाड असेल तर हवा भसाभस जाते आणि शिकणं अवघड होतं. सगळ्यात बारीक मिळेल ती घ्या किंवा टोक चिमटीत दाबा.

त्यानंतरची पायरी म्हणजे नळी आणि पत्ती, सनई अजून नाही. पत्तीला पाण्यापेक्षा बराच जास्त दाब लागतो, त्यामुळे पेल्यात जमलेलं इथे पुन्हा बिघडतं, हे ठरलेलंच आहे. गालांचे स्नायू लवकर थकतात. पाच मिनिटं करा, दहा मिनिटं थांबा. यासाठी पत्ती मऊच घ्या. कडक पत्तीवर शिकायला बसलात तर ओठ चावायची सवय लागते आणि ती पुढे सुटत नाही.

मग सनई घ्या, सूरवाली मिळाली तर उत्तमच, आणि मधल्या सप्तकातला एकच सोपा स्वर धरा. तार सप्तकात अखंड दम शिकू नका, तिथे दाब जास्त लागतो आणि गालांना तो पेलत नाही. सांधा कुठे ऐकू येतो ते फोनवर ध्वनिमुद्रण करून तपासा. वाजवताना कवटीतून आवाज येत असतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला स्वतःचा सांधा नीट कळत नाही. श्वासाच्या क्षणी सूर खाली झुकत असेल तर गालांचा दाब कमी पडतो आहे, त्या क्षणी ओठ किंचित आवळून भरपाई करा. सूर झटका खाऊन वर उडत असेल तर छातीची हवा परत सोडताना तुम्ही जोर लावता आहात. नाकाचा ‘सूं’ आवाज मोठा येत असेल तर श्वास फार मोठा घेतला जातो आहे.

यातून एक अशी गोष्ट पुढे येते जी नवख्याला उलटी वाटते. सनईवर दम संपतो तो हवा कमी पडून नव्हे, तर हवा जास्त झाल्याने. पत्तीची फट इतकी बारीक असते की तिच्यातून हवा फार थोडी जाते. तुम्ही मात्र दर वेळी नाकाने छाती गच्च भरत राहता आणि वापरलेली शिळी हवा आत तुंबते. मग छाती भरलेली असूनही जीव घाबरा होतो आणि डोकं हलकं पडतं. उपाय असा: दर वेळी श्वास छोटा घ्या आणि तीन-चार फेऱ्यांतून एकदा, गालांनी सूर धरलेला असताना, नाकातून आधी थोडी हवा बाहेर सोडून मग आत घ्या. हे शिकायला वेळ लागतो, पण तासभर सूर धरणाऱ्याला त्याशिवाय गत्यंतर नाही. चक्कर आली किंवा कानात दडे बसले तर लगेच थांबा. काचबिंदू, हर्निया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाद्याला हात लावू नका. अरुंद पत्तीतून फुंकताना डोळ्यांतला आणि पोटातला दाब खरोखर वाढतो.

राग वाजवणाऱ्याला एक सवलत असते. हलत्या स्वरांत, छोट्या तानेत किंवा गमकेत सांधा लपतो. म्हणून जाणते वादक लांब ठेवलेल्या न्यासावर, म्हणजे विसाव्याच्या स्वरावर, श्वास घेत नाहीत, त्याच्या जरा आधीच्या हलत्या जागेत घेतात. सूर धरणाऱ्याला ही सवलत नाही. त्याचा सांधा उघडाच पडतो, म्हणून तिथे शिकलेला दम पक्का होतो.

नगारखान्यापासून मांडवापर्यंत

हा न तुटणारा सूर आला तो नौबतीच्या परंपरेतून. आईन-ए-अकबरीत बादशाही नगारखान्यातल्या वाद्यांच्या यादीत नगाऱ्यांबरोबर सनईच्या जातीच्या सुर्णाही आहेत आणि त्या नऊ जण मिळून वाजवत, असं अबुल फजल लिहितो. ठरलेल्या प्रहरांना उंचावरून वाजणारं हे वादन म्हणजे लोकांसाठी वेळेची खूणही होती. पुण्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आजही बघता येतो. जेजुरीच्या गडावर, तुळजापूरला, गोव्यातल्या देवळांच्या दारांवर सनई आणि चौघड्याची सेवा त्याच रीतीने चालत आली. आकाशवाणीच्या सकाळच्या पहिल्या सभेतला मंगलध्वनी ही त्याच प्रथेची रेडिओवरची आवृत्ती. घडशी, गुरव, होलार, मातंग अशा समाजांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केलं आणि त्याचा मोबदला मानापेक्षा फार कमी मिळाला, हेही इथे सांगायलाच हवं. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांसारख्या वादकांनी ही सनई शास्त्रीय मैफिलीत आणली.

सनई फक्त मंगलकार्याची, असं आपण सरसकट म्हणतो, ते मला अपुरं वाटतं. बिस्मिल्ला खाँ काशीला बालाजीच्या देवळात रियाज करत. त्यांचे मामा अलीबक्ष विलायतू विश्वनाथाच्या देवळात सनई वाजवत. मोहरमच्या आठव्या दिवशी हेच खाँसाहेब उभ्याने, पायी चालत, सनईवर नोहा हे शोकगीत वाजवत आणि त्या काळात कुठला राग वाजवत नसत. तेच वाद्य, तीच पत्ती, आणि शोकासाठीही तेवढीच समर्थ.

आता मांडवात या. गोरज मुहूर्ताचं लग्न धरू, म्हणजे संध्याकाळ. ताफा दारापाशी, पाहुणे आत येतात तिथे उंचावर बसतो. दुपार कलल्यावर सुरुवात होते, तेव्हा सारंगाचे प्रकार चालतात, मग उन्हं उतरली की पूरिया धनाश्री किंवा यमन. मारवा वेळेला धरून असला तरी मी मांडवात वाजवत नाही. त्यात षड्ज टाळत टाळत जायचं असतं आणि मागे तर षड्ज अखंड धरलेला. मैफिलीत तो ताण सुंदर वाटतो, दारात येणाऱ्या माणसाला नाही. सकाळचं लग्न असेल तर तोडी, अहिर भैरव. धुना आणि अभंग पंगतीच्या वेळी.

सूर धरणाऱ्याची खरी परीक्षा होते मंगलाष्टकांत. भटजींनी अंतरपाट धरला की वाजंत्री थांबतात. मंगलाष्टकं दहा मिनिटांत आटोपतील की वीस, हे कुणाच्याच हातात नसतं, मामा-मावश्यांना म्हणायची असतात. या वेळात पत्ती वाळते. वाळलेल्या पत्तीने शेवटच्या ‘सावधान’ला तोंड लावलं तर पहिला सूर फुसका किंवा चिरका येतो आणि नेमका तोच सूर सगळ्यांना आठवतो. म्हणून सनई खाली ठेवायची नाही. पत्ती ओठांत धरून ठेवायची, अधूनमधून जिभेने ओली करायची, आतली लाळ जास्त झाली तर हवा आत ओढून ती मागे घ्यायची. डोळे अंतरपाटावर ठेवायचे. अंतरपाट बाजूला सरकला, अक्षता उडाल्या, की सूर धरणारा आधी आणि लगेच पाठोपाठ मुख्य सनई आणि चौघडा. इथे सुराने अर्धा श्वास आधी उठलं पाहिजे, म्हणजे मुख्य वादकाला उभं राहायला जमीन मिळते. ध्वनिमुद्रित सनई लावणारे कार्यालयवाले आज पुष्कळ आहेत. ती भटजींसाठी थांबत नाही आणि अंतरपाट बघत नाही. परवडत असेल तिथे एक सनई, एक सूर आणि एक संबळ एवढा तरी जिवंत ताफा बोलवावा, असं मी यजमानांना आग्रहाने सांगतो.

लग्न लागल्यावर पत्ती बदला. तोवर ती दोन-तीन तास भिजलेली असते, पापुद्रे मऊ पडून तार स्वर उतरायला लागतात. कान थकल्यामुळे हे वाजवणाऱ्याला कळत नाही, म्हणून वेळ धरूनच बदलावी. दुसरी पत्ती पंगत सुरू व्हायच्या आधी भिजवून, सुराशी जुळवून गळ्याला लटकवलेली असली पाहिजे.

घरी आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, पत्त्या काढून नुसत्या पाण्याने धुवा आणि उघड्यावर, सावलीत वाळवा. ओली पत्ती बंद डबीत ठेवली की काळी पडते आणि वास येतो. ती टाकूनच द्यावी लागते, कारण ती तोंडात धरायची वस्तू आहे. डबीला हवेसाठी भोकं पाडलेली असावीत. सनईतून मऊ कापडाची पट्टी दोऱ्याने ओढून आतलं पाणी टिपा, नळी पाईप क्लीनरने साफ करा आणि महिन्यातून एकदा लाकडाला आतून बदाम तेलाचा हलका हात द्या. छिद्रांतलं मेण उन्हाळ्यात वितळून सरकतं, ते दर कार्यक्रमाआधी बघा. पत्त्यांच्या मानेवर वेगवेगळ्या रंगांचा दोरा बांधून ठेवा, म्हणजे कोणती कडक, कोणती मऊ, कोणती थंडीतली हे बघताक्षणी कळेल. एकच लाडकी पत्ती रोज वापरू नका. तीन आळीपाळीने वापरा, आणि चौथी अशी ठेवा जी अजून पूर्ण घासलेली नाही.